सोन्याची भिशी: फायदा हप्त्यात नाही, घडणावळीत ठरतो

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काकू माझ्याकडे एक बिल घेऊन आल्या. सांगलीच्या एका सराफी दुकानात त्यांनी अकरा महिने दरमहा ५,००० रुपये भरले होते. कार्डावर ठळक छापलं होतं, 'घडणावळीवर सूट'. त्यांनी ठुशी घेतली. घरून निघताना मनाशी धरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यात साडेनऊ हजारांचं अंतर पडलं. "फसवलं का गं मला?" एवढंच त्यांनी विचारलं.

फसवलं नव्हतं. बिल कार्डावरच्या अटींप्रमाणे अगदी बरोबर होतं. पण त्या अटींचा अर्थ त्यांना कुणी नीट सांगितला नव्हता. मी काही वर्षं एका सराफी पेढीची खातेवही लिहिली आहे. भिशीची खाती कशी मांडतात आणि शेवटी बिल कसं निघतं हे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं तेव्हापासून एकदम दागिना घेणं बहुतेक घरांना जड झालं, आणि ही कार्डं घरोघर दिसू लागली. म्हणून काकूंचंच बिल समोर ठेवून सगळं सांगते.

हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे. बाजारातला भाव वेगळा असेल, पण टक्केवारीचं गणित तेच राहतं.

नाव भिशी, पण ही भिशी नव्हे

आपल्याकडची खरी भिशी म्हणजे दहाबारा जणी दरमहा पैसे काढतात, चिठ्ठी उडवतात आणि जिची चिठ्ठी निघेल ती सगळी रक्कम उचलते. पैसा त्या घोळक्यातच फिरतो. सराफाच्या 'सुवर्ण भिशी'त तसं काही नसतं. इथे तुम्ही एकट्या दुकानाला पैसे देत असता, तेही पुढे घ्यायच्या दागिन्याची आगाऊ रक्कम म्हणून. शिंप्याकडे ब्लाउजचं कापड देताना आपण थोडे पैसे आधी देतो, तसंच हे. फक्त इथे आगाऊ रक्कम अकरा तुकड्यांत जाते आणि दागिना शेवटी मिळतो.

'आगाऊ रक्कम' या शब्दावर पुढचं बरंच काही उभं आहे. ही बँकेतली ठेव नाही. तिच्यावर व्याज लागत नाही, दुकान जे जादा देतं ते खरेदीवरची सवलत असते. ती सवलत दागिना घेतला तरच मिळते. बहुतेक योजनांत रोख परत मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी नाणं किंवा वेढणीही मिळत नाही. का, ते घडणावळीचं गणित पाहिलं की कळेल.

अकराच महिने का?

पूर्वी दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या योजना असायच्या. १ एप्रिल २०१४ पासून कंपन्यांनी लोकांकडून ठेवी घेण्याचे नवे नियम लागू झाले. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम घेतल्यापासून ३६५ दिवसांच्या आत त्या मालापोटी वळती झाली, तरच ती 'ठेव' धरली जात नाही, असं त्यात आहे. त्या मुदतीपलीकडे गेली की ठेवींचे सगळे कडक नियम लागतात. म्हणून कंपनी असलेल्या सराफांनी योजना दहा किंवा अकरा हप्त्यांवर आणल्या. पहिला हप्ता भरल्या दिवसापासून वर्ष पुरं व्हायच्या आत दागिना तुमच्या हातात आणि रक्कम त्यांच्या विक्रीत गेली पाहिजे.

आपल्या सराफ कट्ट्यावरची कितीतरी दुकानं मात्र कंपनी नसतात. घरची किंवा भागीदारीतली पेढी असते. त्यांना कंपनी कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. केंद्राच्या कायद्यातही धंद्यातल्या मालापोटी घेतलेल्या खऱ्याखुऱ्या आगाऊ रकमेला मोकळीक आहे. तेव्हा एखादा सराफ "दागिना नको असेल तर वर्षाअखेर व्याजासकट रोख घेऊन जा" म्हणत असेल, तर तो आगाऊ रक्कम घेत नाही, ठेव घेतो आहे. तिथून उठून यावं.

'एक हप्ता आमच्याकडून' यातला खरा फायदा

सवलत द्यायच्या दोन तऱ्हा चालतात. पहिली बोनसची. तुम्ही अकरा हप्ते भरा, बारावा दुकान भरतं. म्हणजे ५५,००० भरले आणि ६०,००० चा माल घ्यायचा.

ऐकायला हे फार मोठं वाटतं, आणि कागदावर मोठं आहेही. पहिला हप्ता दुकानाकडे बारा महिने राहतो, दुसरा अकरा, आणि शेवटचा दोनच महिने. सरासरी काढली तर तुमचे ५५,००० रुपये सात महिने त्यांच्याकडे होते. सात महिन्यांत ५,००० म्हणजे वर्षाला साडेपंधरा टक्के पडतात. बँकेच्या आरडीत साडेसहा टक्क्यांनी तेच पैसे तेवढाच काळ ठेवले असते, तर साधारण २,०८५ रुपये व्याज झालं असतं. म्हणजे भिशीने बँकेपेक्षा २,९१५ रुपये जास्त दिले.

हा हिशेब इथेच थांबत असता तर मी प्रत्येकीला भिशी लाव म्हटलं असतं. पण बँकेतून पैसे काढून तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊ शकता, आणि भिशीचे पैसे एकाच दुकानात चालतात. त्या दुकानाची घडणावळ काय आहे यावर सगळं फिरतं.

घडणावळ म्हणजे दागिना घडवायची मजुरी. काही ठिकाणी घडवताना होणारी सोन्याची घट तिच्यातच धरलेली असते, काही ठिकाणी वेगळी लावतात. ती सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत सांगतात किंवा ग्रॅममागे रुपयांत. मग सोनं आणि घडणावळ यांच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. समजा भिशीच्या दुकानात तुम्हाला हव्या त्या दागिन्याची घडणावळ १५ टक्के आहे. मग एक ग्रॅम दागिना पडतो ११,८४५ रुपयांना. तुमच्या ६०,००० मध्ये ५.०६५ ग्रॅम येतो. 'साठ हजार झाले, भाव दहा हजार, म्हणजे सहा ग्रॅम' अशी जी समजूत असते, तिथे जवळजवळ एक ग्रॅम कमी पडतो. सहा ग्रॅमच हवे असतील तर वरून ११,०७० रुपये भरावे लागतात.

आता दुसरी बाई. तिने बँकेत पैसे ठेवले, वर्षाअखेर तिच्याकडे ५७,०८५ झाले, आणि पलीकडच्या गल्लीतल्या सराफाकडे तसाच दागिना तिला ८ टक्के घडणावळीने मिळाला. तिला ग्रॅम ११,१२४ ला पडला. तिच्या हातात ५.१३२ ग्रॅम आले. बोनस न घेता तिने बोनसवालीपेक्षा थोडं जास्तच सोनं घरी नेलं.

यातून पकडायची गोष्ट एकच आहे. अकरावर एक हप्ता बोनस म्हणजे घडणावळीतले साधारण नऊ-दहा टक्के. दुसरं दुकान तेवढ्याने स्वस्त असेल तर बोनस संपला. बँकेचं व्याज धरलं तर पाच-सहा टक्क्यांचा फरकही पुरतो. उलट दोन्हीकडे घडणावळ सारखीच असेल, तर २,९१५ रुपये खरोखर तुमचे. म्हणून कार्ड घेण्याआधी योजनेबद्दल कमी आणि घडणावळीबद्दल जास्त विचारायचं.

काकूंची ठुशी

दुसरी तऱ्हा घडणावळीतल्या सुटीची. बोनस काही नाही. भरले ५५,०००, तेवढेच जमा. पण दागिना घेताना घडणावळ माफ. काकूंच्या कार्डावर 'घडणावळीवर सूट' या शब्दांच्या पुढे बारीक अक्षरांत होतं, '१८ टक्क्यांपर्यंत'. आणि मागच्या बाजूला आणखी एक ओळ: 'सवलत जमा रकमेच्या वजनापुरती.'

या दोन ओळींनी काय केलं ते पाहा. काकूंनी निवडली ८ ग्रॅमची ठुशी. ठुशीत बारीक मणी एकाला एक चिकटून गुंफलेले असतात, काम नाजूक आणि वेळखाऊ, त्यामुळे मजुरी जास्त. दुकानाची घडणावळ २४ टक्के होती. काकूंचा अंदाज असा: सोनं ८०,०००, घडणावळ माफ, जीएसटी २,४००, एकूण ८२,४००. भिशीचे ५५,००० वजा करून २७,४०० नेले की झालं.

बिल असं निघालं. जमा ५५,००० मध्ये दहा हजारांच्या भावाने साडेपाच ग्रॅम बसतात. सूट तेवढ्यालाच. त्यावरही २४ पैकी १८ टक्केच माफ, उरलेले ६ टक्के लागले, ते झाले ३,३००. राहिलेल्या अडीच ग्रॅमवर सूट नाही, त्यावर पूर्ण २४ टक्के, म्हणजे ६,०००. सोनं ८०,०००, घडणावळ ९,३००, बेरीज ८९,३००, त्यावर जीएसटी धरून ९१,९७९. भिशी वजा जाता काकूंना ३६,९७९ मोजावे लागले. गळ्यात ठुशी घालून बघायची हौस तिथल्या तिथे विरली आणि त्या घरी फोन करून मुलाकडून पैसे मागवत बसल्या.

मग त्यांचा तोटा झाला का? हेही नीट बघितलं पाहिजे, कारण दुकानाने १८ टक्के सोडले ही गोष्टही खरीच आहे. घडणावळीतले ९,९०० रुपये त्यांचे वाचले. पण दुसऱ्या दुकानात तशीच ठुशी १४ टक्के घडणावळीने मिळत होती. ते आम्ही दोघी नंतर जाऊन विचारून आलो. तिथलं बिल ९३,९३६ झालं असतं. भिशीऐवजी पैसे बँकेत ठेवले असते तर हातात ५७,०८५ असते, आणि वरून ३६,८५१ घालावे लागले असते. काकूंनी घातले ३६,९७९. म्हणजे वर्षभराच्या भिशीने त्यांना सव्वाशे रुपयांचा तोटा झाला. तोटा म्हणण्याइतकाही नाही, पण फायदा तर मुळीच नाही.

२४ टक्क्यांतले १८ टक्के फक्त जमा रकमेच्या वजनापुरते सोडणं आणि सगळ्या वजनावर १४ टक्केच लावणं, यात ग्राहकाच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. सूट किती हे कधीच एकटं विचारू नये. सूट जाऊन उरलं किती आणि ते किती वजनावर, हे दोन आकडे हवेत.

त्याच कार्डावर काकूंनी साडेपाच ग्रॅमच्या आसपासची साधी वळी किंवा अंगठी घेतली असती, १२ टक्के घडणावळीची, तर घडणावळ खरोखर शून्य झाली असती. सुटीची योजना साध्या घडणीच्या, जमा रकमेइतक्याच वजनाच्या दागिन्याला चांगली बसते. नाणं-वेढणी बहुधा यात देत नाहीत याचं कारणही हेच. त्यांच्यावर घडणावळ जेमतेम असते, तिथे सोडायला दुकानाकडे काही उरत नाही.

रुपये जमा होतात की ग्रॅम?

कार्ड घेताना हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. काही योजनांत दरमहाच्या हप्त्याचे त्या दिवसाच्या भावाने ग्रॅम करून जमा करतात. इतर ठिकाणी रुपये जमा राहतात आणि शेवटच्या दिवसाच्या भावाने सोनं मिळतं.

भाव सावकाश चढला, म्हणजे ९,००० वरून दरमहा शंभर-शंभर रुपयांनी वाढत शेवटी १०,१०० झाला, तर ग्रॅमवाल्या योजनेत ५.८० ग्रॅम जमतात. बोनसवाल्या रुपयांच्या योजनेत साठ हजारांचे ५.९४ ग्रॅम होतात. बोनस थोडा पुढे. (दोन्हींत घडणावळ आणि जीएसटी अजून जायचे आहेत.) पण भाव भडकला, ९,००० वरून दरमहा पाचशेने चढत १४,५०० वर गेला, तर ग्रॅमवालीकडे ४.८८ ग्रॅम असतात आणि बोनसवालीकडे ४.१४. पाऊण ग्रॅमचा फरक पडतो, त्या भावाने जवळजवळ पावणेअकरा हजार रुपये. भाव उतरला तर उलट, रुपये जमा असलेली बरी.

रुपयांच्या योजनेला 'सोन्यात गुंतवणूक' म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. वर्षभर भाव चढत असताना तुमचे पैसे रुपयांतच पडून असतात. चढत्या भावाच्या भीतीने भिशी लावणाऱ्या बाईला जे हवं असतं, ते ग्रॅमच्या योजनेत आहे.

पण ग्रॅमच्या योजनेत दुकानाचं काय होतं?

मी वही लिहायची तिथले मालक दर महिन्याच्या दहा तारखेला भिशीचा गल्ला मोजायचे आणि तेवढं चोख सोनं लगेच उचलायचे. "हे आपलं नाही, बायकांचं आहे," असं म्हणून वेगळ्या डबीत ठेवायचे. तेव्हा मला तो केवळ त्यांचा भला स्वभाव वाटायचा. पुढे कळलं की धंदा वाचवायचा तोच एक मार्ग आहे.

वरचंच उदाहरण घ्या. भाव भडकला त्या वर्षी दुकानाने एका बाईकडून ५५,००० घेतले आणि वर्षाअखेर तिला ७०,७०० रुपयांचं सोनं द्यायचं आहे. हप्ता आला त्या दिवशी सोनं घेऊन ठेवलं असेल तर काळजी नाही, ते डबीत आहेच. पण हप्त्याचे पैसे नव्या शोरूमच्या फर्निचरला किंवा जागेच्या व्यवहाराला लावले असतील, तर एका कार्डामागे १५,७०० चा खड्डा. दोनशे कार्डं असतील तर ३१ लाखांवर. हा खड्डा मग नव्या सभासदांच्या हप्त्यांनी भरला जातो, आणि नवे सभासद कमी झाले की शटर खाली येतं. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे, डोंबिवली, पुण्याकडे दुकानं असलेल्या एका सराफी साखळीने असंच शटर ओढलं आणि भिशी लावलेली माणसं बंद दुकानांपुढे गोळा झाली.

ग्राहकाला सर्वात जास्त फायदा देणारी योजना ही कच्च्या दुकानाला सर्वात आधी बुडवणारी असते. म्हणून ग्रॅमची योजना घ्यायचीच, तर पक्कं दुकान बघून.

"अहो, पण दुकान चार पिढ्यांच्या ओळखीचं आहे"

ओळखीला किंमत आहे. सांगलीत तर आहेच. ज्या गावात १८३२ सालापासून सराफी पेढ्या चालत आल्या, आणि ज्या जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाई कारागिरांनी देशभर सोनं गाळून नाव कमावलं, तिथे सराफाचा शब्द हलका धरत नाहीत. मीही धरत नाही. पण शब्द आणि हक्क वेगळे असतात.

बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच असतं. भिशीच्या पैशाला तसं कवच नाही. रिझर्व्ह बँक किंवा सेबी या योजनांवर देखरेख करत नाही. दुकान बंद पडलं तर त्याला तारणावर कर्ज देणारी बँक तारणावर हक्क सांगून पुढे उभी राहते, आणि तुम्ही विनातारण देणं असलेल्यांच्या रांगेत. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करता येते, एमपीआयडी कायद्याखाली मालकाची मालमत्ता जप्त करून विकता येते. पण त्यात वर्षं जातात, आणि तिथे सगळ्यात आधी मागतात ती पावती.

आणि पावतीच अनेकींकडे नसते. कार्डावर नुसती सही, हप्ता रोख. हप्ता खात्यातून किंवा यूपीआयवरून, दुकानाच्याच नावाच्या खात्यात जावा. मालकाच्या मुलाच्या नंबरवर जात असेल तर ती दुकानाची भिशीच नव्हे.

दुकान डळमळू लागलं की काही खुणा आधी दिसतात. मुदत भरली तरी "माल येतोय, आठ दिवसांनी या" सुरू होतं. दागिना देण्यापेक्षा जमा रक्कम पुढच्या भिशीत वळवायचा आग्रह होतो. एरवी एक हप्ता बोनस देणारं दुकान अचानक दीड-दोन हप्ते देऊ लागतं. काचेच्या कपाटात माल विरळ होत जातो. यातलं काहीही दिसलं तर मुदतीच्या दिवशीच जाऊन, जो असेल तो दागिना उचलावा. नक्षी आवडली नाही तरी चालेल.

एखादा हप्ता चुकला, किंवा मध्येच थांबलो तर?

हप्ता चुकला की बोनस पूर्ण जातो, किंवा हप्ते जितके दिवस थकले त्या प्रमाणात कमी होतो. दुकानागणिक नियम वेगळा. उशिरा भरलेल्या हप्त्याने मुदतही तेवढी पुढे सरकते, आणि ही बाब काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. ज्यांच्या हातात पैसा ऊस किंवा हळदीच्या पट्टीवर येतो, त्यांना दरमहाची ठरलेली तारीख पाळणं अवघड जातं. त्यांनी हप्ता लहान घ्यावा. पाच हजारांचे आठच हप्ते भरले गेले तर बोनस हातातून जातो. दोन हजारांचे अकरा पुरे झाले तर मिळतो.

मध्येच बंद केल्यास बहुतेक ठिकाणी भरल्या रकमेचा दागिना मिळतो, सवलतीशिवाय. सुरुवातीला दिलेल्या पिशवी-डब्याची किंवा चांदीच्या नाण्याची किंमतही कापली जाते. कार्ड आईच्या नावावर असेल आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर वारसाची नोंद नसल्यामुळे खेटे घालावे लागतात. ती एक ओळ पहिल्याच दिवशी भरून घ्यावी.

"हिशेब काहीही असो, एरवी पैसे राहतच नाहीत"

हे मला सगळ्यात जास्त बायका सांगतात, आणि ते मला पूर्ण पटतं. बँकेतले पैसे दवाखान्यात, फीमध्ये, दिराच्या लग्नात जातात. भिशीचे पैसे कुणाला मागता येत नाहीत, हाच तिचा मोठा गुण. त्यासाठी दोन हजार कमी पडले तरी ज्या बाईला वर्षाअखेर स्वतःच्या नावाचा दागिना मिळतो, तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हे तेव्हा खरं, जेव्हा दागिना घालायचा आहे. पुढे मोडायचाच असेल तर घडणावळ आणि जीएसटी परत येत नाहीत. गलाईवाला सोनं गाळतो, मजुरी गाळून मिळत नाही. मोडीसाठीच साठवायचं असेल तर भिशी हा त्यासाठीचा रस्ता नाही.

दागिना घेण्याच्या दिवशी

त्या दिवशी बिलावर चार आकडे वेगवेगळे लिहून मागावेत: निव्वळ सोन्याचं वजन, भाव, घडणावळ आणि जीएसटी. खडे, मोती, लाख यांचं वजन सोन्याच्या भावाने धरलेलं नाही ना, ते निव्वळ वजनातूनच कळतं. भाव पडताळणं सोपं आहे. २४ कॅरेटच्या भावाला २२ ने गुणून २४ ने भागा. २४ कॅरेट ११,००० असेल तर २२ कॅरेट १०,०८३ च्या आसपास यायला हवा. १०,३०० लावला असेल तर का, ते विचारा. बोनसचा काही भाग असा भावातूनच परत जाऊ शकतो. भिशीवाल्यांना सणाची दुसरी सूट लागू नसते, म्हणून त्या दिवशी दुकानात ऑफर चालू असेल तर भिशीशिवायचं बिलही काढायला सांगावं.

दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच काउंटरवर टाकून बघता येतो. बिलावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

काकूंनी यंदा पुन्हा कार्ड घेतलं आहे. या वेळी आधी तीन दुकानं फिरल्या, साध्या घडणीच्या वळ्यांची जोडी पसंत केली आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं: "सूट जाऊन या दागिन्यावर घडणावळ किती उरते, आणि किती ग्रॅमवर?" दोघांनी तोंडी सांगितलं. तिसऱ्याने कार्डाच्या मागे लिहून शिक्का मारून दिला. कार्ड त्याच्याकडचं आहे.